लग्न लिस्बनला, रजा वेर्ण्याला

*माझी मुलगी वेर्ण्याच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट आहे. लागून सात महिने झाले, अजून प्रोबेशनवर. थोरल्याचं लग्न १६ मे रोजी, शनिवारी, लिस्बनला आहे. दहा-बारा दिवस रजा मागायला ती घाबरते. मागितली तर पर्मनंट करणार नाहीत म्हणते. मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणून देतो, तिथून मेसेज कर. नाहीच जमलं तर नोकरी सोड, सरकारी परीक्षा दे. काय करावं?*
*— एक पालक, फोंडा*

मला काळजी वाटली ती तुमच्या सर्टिफिकेटची. लिस्बनला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला नोकरदाराला कंपनीचं पत्र जोडावं लागतं आणि त्यात रजेच्या तारखा असतात. म्हणजे ज्या एचआरला ती आजारी असल्याचं कळवणार, त्याच एचआरची सही तिला आधी लिस्बनच्या रजेसाठी घ्यावी लागेल. शिवाय ती ज्या खात्यात आहे तिथे खोटी नोंद हा सर्वांत मोठा गुन्हा. रजेच्या कागदावर खोटं लिहिणाऱ्या केमिस्टच्या रिपोर्टवर उद्या कोणी विश्वास का ठेवावा? तो कागद तुम्ही आणूच नका. सरकारी परीक्षा तिला द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण लग्नाची रजा हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

प्रोबेशनवर रजा मागितली म्हणून पर्मनंट होत नाही, हा समज मात्र तिच्या डोक्यातून काढायला हवा. अडचण होते ती न सांगता गैरहजर राहिल्याने, किंवा आयत्या वेळी मागून दुसऱ्याची शिफ्ट बिघडवल्याने. तिने नेमणूकपत्र काढून दोन गोष्टी पाहाव्यात: प्रोबेशनमध्ये हक्काची रजा किती, आणि बिनपगारी रजा घेतली तर प्रोबेशन तेवढे दिवस लांबतं का. बऱ्याच ठिकाणी लांबतं. पर्मनंट होणं आठवडाभर पुढे गेलं तर ते मान्य करावं.

आता दिवस मोजू. बुधवार १३ मेला निघायचं, १४ ला पोचायचं, सोमवार १८ ला परत निघून १९ ला घरी. २० तारीख विमान चुकलं तर हाताशी ठेवायची आणि गुरुवारी २१ ला कामावर. मधला रविवार सुट्टीचा धरला तर कामाचे सातच दिवस भरतात. सात मागणं आणि बारा मागणं यात फरक आहे. लग्नानंतर पोर्तुगाल बघायचं असेल तर तुम्ही दोघं मागे राहा, तिला परतू द्या.

कामाची सोय लिहिताना 'सहकारी सांभाळतील' एवढंच लिहिलं तर साहेब विचारणारच, कोण सांभाळणार? तिने मे महिन्याचं स्टॅबिलिटीचं, म्हणजे औषध किती काळ टिकतं हे पाहणाऱ्या चाचण्यांचं, वेळापत्रक समोर घ्यावं. समजा, एका गोळीचा सहा महिन्यांचा नमुना १५ मेला चेंबरमधून काढायचा आहे. काढण्याचं काम अधिकार दिलेला कोणीही केमिस्ट करू शकतो, पण ते ठरल्या वेळीच व्हायला हवं. तपासणीला एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमावलीत, मुदत दिलेली असते. मुदत २१ नंतर संपत असेल तर मुलगी स्वतःच येऊन तपासणी करेल. त्याआधी संपत असेल तर त्या पद्धतीवर क्वालिफाय झालेलाच ॲनालिस्ट हवा. असा कोणी नसेल तर आधी तपासलेल्या नमुन्यावर दुसऱ्या केमिस्टची चाचणी घेऊन निकाल ताडून पाहावे लागतात, कागदपत्रं करावी लागतात. म्हणून हे मार्चमध्येच सुरू करायचं.

इथे एक चूक हमखास होते. जाताना मैत्रिणीला सांगतात, 'माझ्याच आयडीवरून रन लाव.' एचपीएलसी या तपासणीच्या यंत्राचा पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. ती लिस्बनला असताना तिच्या नावाने यंत्रात नमुना सोडल्याची नोंद दिसली तर ऑडिटमध्ये दोघींच्या नोकरीवर येईल.

आधी साहेबांशी तोंडी बोलावं, मग ईमेल करावा. मजकूर एवढा पुरे:

'माझ्या थोरल्या भावाचं लग्न १६ मे रोजी लिस्बनला आहे. १३ ते २० मे, कामाचे सात दिवस, रजा मिळावी. शिल्लक नसल्यास बिनपगारी चालेल. १५ मेचा नमुना अमुक काढतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. तपासणी मी २१ नंतर मुदतीत पूर्ण करेन. माझी सर्व वर्कशीट १२ मेपर्यंत तपासणीला दिलेली असतील. व्हिसासाठी रजेच्या तारखांचं पत्र लागेल. व्हिसा न मिळाल्यास लगेच कळवून कामावर हजर राहीन.'

शेवटचं वाक्य गाळू नये. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंतही जाऊ शकतात. तेव्हा रजेचं पत्र मार्चच्या मध्यापर्यंत हातात हवं, आणि व्हिसा येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

आणि साहेबांना फोन तुम्ही करायचा नाही. पुढचं पत्रही मला तिनेच लिहावं.