लग्न ‘लागतं’ कधी आणि विवाह ‘होतो’ कधी?

‘बहिणीच्या लग्नाला माझे ऑफिसातले दोन मित्र येणार आहेत. एक कोट्टयमचा ख्रिस्ती, दुसरा जर्मन. दोघांनीही हिंदू लग्न कधी पाहिलेलं नाही. पत्रिकेत मुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांचा आहे. “१२.३१ ला लग्न लागेल” हे त्यांना कसं समजवायचं? लग्न “लागतं” म्हणजे काय? आणि सप्तपदी तर जेवणाच्या वेळेला असते, मग लग्न नक्की झालं कधी म्हणायचं?’

आधी एक गंमत करून पाहा. लग्न जमतं, ठरतं, लागतं, होतं, मोडतं. भटजी ते लावतात. आता यातल्या ‘लागतं’च्या मागे ‘विवाह’ ठेवा. ‘विवाह लागला’ असं कोणीही म्हणत नाही. शाळेत आपण लग्न, विवाह, पाणिग्रहण, परिणय हे समानार्थी शब्द म्हणून पाठ केले, पण ते मुळात समानार्थी नव्हतेच. दिवसभराच्या विधींतल्या वेगवेगळ्या क्षणांची ती नावं आहेत आणि नंतर त्यातल्या प्रत्येकाने अख्ख्या समारंभाचं नाव बळकावलं. तुमच्या मित्रांना हे शब्द क्रमाने सांगितलेत तर समारंभाचा क्रम निम्मा सांगून झाला.

पहिला शब्द लग्न. संस्कृतात ‘लग्’ म्हणजे चिकटणे आणि ‘लग्न’ म्हणजे चिकटलेला. आपलं ‘लागणे’ याच धातूचं, म्हणजे ‘लग्न लागलं’ यात एकच धातू दोनदा आला आहे. ज्योतिषात मात्र लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजाला टेकलेली, उगवती रास. बारा राशी चोवीस तासांत उगवतात, म्हणून एक लग्न सरासरी दोन तास चालतं. त्याचे नऊ भाग केले की एकेक नवमांश साधारण तेरा मिनिटांचा होतो. त्यातला चांगला तुकडा शोधला जातो, म्हणून पत्रिकेत साडेबारा न येता १२.३१ येतं. पूर्वी हे घटिकापात्राने मोजत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची; ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताला एवढी काटेकोर मोजणी लागत नाही. गाई परतताना जी धूळ, म्हणजे रज, उडते तीच तिथलं घड्याळ.

याचा पुरावा तुम्ही प्रत्येक लग्नात ऐकला आहे. अंतरपाट दूर होण्याच्या बेतात असताना भटजी चाल बदलून ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव ताराबलं चंद्रबलं तदेव’ म्हणू लागतात. इथलं ‘लग्नं’ म्हणजे आपलं लग्न नव्हे, उगवती रास. विष्णूच्या चरणांचं स्मरण हेच उत्तम लग्न, हाच शुभ दिवस, हेच ताऱ्यांचं आणि चंद्राचं बळ, असा त्या श्लोकाचा अर्थ आहे. मुहूर्त मिनिटा-मिनिटाने साधायचा आणि ऐन मुहूर्तावर म्हणायचं की देव आठवला तोच मुहूर्त. मला हा श्लोक फार शहाणा वाटतो.

तेव्हा मित्रांना सांगा की १२.३१ ही समारंभ सुरू होण्याची वेळ नाही, एका क्षणाची वेळ आहे. सकाळपासून बरंच काही होऊन गेलेलं असेल: पुण्याहवाचन, देवक बसवणं, नवरीचं पिवळ्या साडीतलं गौरीहरपूजन. नवरदेवाच्या स्वागताचं सीमांतपूजन बहुधा आदल्या संध्याकाळीच आटोपलेलं असेल. (बरेच जण त्याला श्रीमंतीपूजन म्हणतात. पाहुण्यांचा थाट पाहता ते चुकीचंही वाटत नाही, पण शब्द सीमा + अंत असा आहे. नवरदेवाला गावाच्या वेशीवर सामोरं जायचं, ती वेस आता हॉलच्या दारात आली.) हे सगळं मित्रांनी पाहायलाच हवं असं नाही. त्यांना बाराला येऊन बसायला सांगा.

सव्वाबाराच्या सुमाराला नवरदेव उभा राहील, समोर स्वस्तिक काढलेला अंतरपाट धरला जाईल आणि मामा नवरीला घेऊन येईल. मग मंगलाष्टकं. पाहुण्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण फक्त भटजीच म्हणतील असं नाही, आत्या-मावश्याही वहीतला कागद काढून माइकपाशी येतात. मंगलाष्टकांचं नेहमीचं वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला १९ अक्षरं. स्वतः रचलेल्या ओळीत हौसेपोटी बावीसही भरतात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘कुर्यात् सदा मंगलम्’, म्हणजे ‘सदैव मंगल करो’, आणि मग ‘शुभमंगल सावधान’. स + अवधान, म्हणजे लक्ष देऊन, भान ठेवून. लग्नातून पळून गेलेल्या बारा वर्षांच्या रामदासांनी म्हणे हा शब्द धोक्याची सूचना म्हणून घेतला. भटजींना अभिप्रेत असतं ते एवढंच, की क्षण जवळ आला आहे, लक्ष असू द्या. अष्टक म्हणजे आठ, पण मोजायला बसू नका. मुहूर्ताला वेळ असेल तर कडवी वाढतात, उशीर झाला असेल तर दोन-तीनांत आटोपतं.

दर ‘सावधान’ला थोड्या अक्षता टाकायच्या. अ + क्षत, न तुटलेले तांदूळ, कुंकू लावून रंगवलेले. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात तिच्या एका सहकाऱ्याने पहिल्याच ‘सावधान’ला मूठभर अक्षता जोरात भिरकावल्या आणि उरलेल्या सात वेळा रिकामी मूठ हलवत बसला. तेव्हा मित्रांना आधीच सांगा: चिमूट-चिमूट, आणि हलक्या हाताने, पुढच्या रांगेत लोक बसलेले असतात. शेवटची चिमूट अंतरपाट दूर होईल तेव्हासाठी राखून ठेवायची. त्या क्षणी वाजंत्री वाजते, दोघं एकमेकांना हार घालतात. लग्न लागलं.

आणि पंगत बसते! इथेच तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो. अक्षता पडल्या की लग्न झालं असं आपण बोलतो, पण विधी पाहिले तर लग्न लागलं आहे आणि विवाह अजून सुरू व्हायचा आहे. बहुतेक पाहुणे मठ्ठा-जिलबी घेत असतात तेव्हा स्टेजवर कन्यादान होतं, मंगळसूत्र घातलं जातं, होम पेटतो आणि आपल्या यादीतला दुसरा शब्द घडतो.

पाणिग्रहण. कन्यादानात पाण्याची धार सोडतात, त्यामुळे हा शब्द पाण्याशी जोडणारे भेटतात. पण इथला ‘पाणि’ ऱ्हस्व आहे आणि त्याचा अर्थ हात. वर वधूचा हात धरतो आणि ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’, म्हणजे ‘सौभाग्यासाठी तुझा हात धरतो’, हा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला मंत्र म्हणतो. हात कसा धरायचा यावरही आश्वलायन गृह्यसूत्राने विचार केला आहे: मुलगे हवे असतील तर अंगठा धरावा, मुली हव्या असतील तर बोटं, दोन्ही हवे असतील तर अंगठ्यासकट हात. हल्ली फोटोग्राफर सांगेल तसा धरतात.

तिसरा शब्द परिणय. परि + नी, भोवती नेणे. कशाभोवती, तर अग्नीभोवती. आपल्याकडे हे लाजाहोमात येतं. लाजा म्हणजे लाह्या, आपली ‘लाही’ याच शब्दातून आली आहे. लाजण्याशी तिचा संबंध नाही. नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, ती त्या अग्नीत सोडते, मग वर तिला अग्नीभोवती नेतो. असं तीनदा. प्रत्येक फेरीला ती दगडावर पाऊल ठेवते, ‘या दगडासारखी स्थिर हो’. याच सुमाराला भाऊ नवरदेवाचा कान पिळून भेट वसूल करतो. कानपिळीला मंत्र नसतो, पण स्टेजभोवती सगळ्यात जास्त गर्दी तिलाच होते.

यानंतर सप्तपदी, आणि इथे हिंदी चित्रपटांमुळे झालेली चूक तुमच्या केरळी मित्राच्या डोक्यात नक्की असेल. सप्तपदी म्हणजे सात फेरे नव्हेत. पद म्हणजे पाऊल. तांदळाच्या सात छोट्या राशी ओळीने मांडतात आणि नवरी त्यांवर एकेक करून उजवं पाऊल ठेवत उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे जाते, वर तिच्यासोबत चालतो. भोवती फिरणं परिणयात झालं, हे पुढे जाणं आहे. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, आणि सातव्याला म्हणतात ‘सखा सप्तपदी भव’: सात पावलं चाललीस, आता सखा हो. अन्नापासून निघून मैत्रीपाशी पोचणारी ही सात वाक्यं मित्रांना जमेल तशी भाषांतर करून नक्की सांगा.

‘लग्न झालं कधी’ याचं कायद्याने दिलेलं उत्तरही इथेच आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं की दोघांपैकी कोणाही एकाच्या रूढीप्रमाणे विवाह लावता येतो, पण त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडतं तेव्हा विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. ‘असेल तर’ हे महत्त्वाचं. सगळ्या हिंदू लग्नांत ती नसते; सत्यशोधक पद्धतीत तर १८७३ पासून भटजीशिवाय लग्नं लागत आली आहेत. तुमच्या घरी सप्तपदी असेल तर १२.३१ ला लग्न लागेल आणि विवाह, पंगतीच्या गतीप्रमाणे, दोन-अडीचला पूर्ण होईल. मित्रांना म्हणावं, पहिल्या पंगतीला जेवून घ्या, पण हात धुऊन परत स्टेजपाशी या.

राहिला चौथा शब्द. विवाह म्हणजे वि + वह्, वाहून नेणे, घेऊन जाणे. काटेकोर पाहिलं तर तो संध्याकाळी घडतो, नवरी घरातून निघते तेव्हा. म्हणून मराठी वरात जुन्या रीतीने लग्नानंतर, नवरीला सासरी नेताना निघते. हिंदीतली बारात लग्नाआधी नवरदेवाला घेऊन येते. मूळ शब्द दोन्हींचा एकच, वरयात्रा. जर्मन मित्राने सकाळीच ‘घोडा कुठे आहे?’ असं विचारलं तर त्याला सांगा, आमच्याकडे तो संध्याकाळी येतो, आणि बहुतेक वेळा फुलं लावलेल्या गाडीच्या रूपात.