नुसता स्क्रीन आला, काम कोणतं?

ग्राहकाने दूध संकलन अ‍ॅपच्या एका स्क्रीनचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. सोबत एक अक्षर नाही. मी काय करून द्यायचं? – फ्रीलान्सर, सांगली

आधी चित्र नीट बघा, ते थोडं बोलतं. कडेला अंतराच्या रेघा आणि मापं लिहिली असतील, तर ते कोड लिहिणाऱ्यासाठी बनवलंय. एकाच स्क्रीनच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी असतील, तर पाठवणाऱ्याचं मन ठरलेलं नाही, त्याला मत हवंय. शेतकऱ्याच्या नावाच्या जागी 'नाव येथे' असेल, तर अजून कच्चं काम आहे. कोडचा विषय लांब आहे. एकटाच, सजवलेला स्क्रीन आला तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा "कसं वाटतंय?" एवढंच विचारायचं असतं.

पण अंदाजावर काम सुरू करू नका. "काय करू?" असं विचारलंत तर उत्तर येईल "बघा ना जरा". त्यापेक्षा असं लिहा: "मत हवं असेल तर आज संध्याकाळी देतो. सगळ्यांना वाचता-वापरता येतंय का, ही तपासणी हवी असेल तर एक दिवस लागेल. कोड हवा असेल तर मूळ फाइल पाठवा, मग वेळ सांगतो." प्रत्येक पर्यायापुढे वेळ लिहिली की माणूस आपल्याला नेमकं काय हवंय याचा विचार करतो. सोबत तिन्हीकडे चालेल असं एखादं निरीक्षण जोडा. उदाहरणार्थ, लिटर, फॅट आणि एसएनएफ एकाच आकारात आहेत, पण शेतकरी आधी आजची रक्कम शोधतो आणि ती तळाशी आहे. ग्राहकाने काहीही निवडलं तरी हे वाया जात नाही.

तपासणी हवी आहे असं कळलं. पण हातात फक्त चित्र आहे. त्यावरून किती सांगता येतं? – पुणे

रंग आणि आकार, एवढं सांगता येतं. समजा चित्र 1080 पिक्सेल रुंद आहे आणि ते अँड्रॉइडच्या डीपी या मापात 360 रुंदीच्या फोनसाठी काढलंय. म्हणजे 3 पिक्सेलला 1 डीपी. 'नोंद काढा'चं चिन्ह 96 पिक्सेलचं भरलं, तर ते 32 डीपी झालं. अँड्रॉइडची शिफारस 48 ची आहे. अर्थात चिन्ह लहान ठेवून भोवतालची दाबायची जागा मोठी ठेवता येते आणि ती चित्रात दिसत नाही. म्हणून इथे "चूक" न लिहिता "तपासा" लिहा. रंगाचं तसं नाही. पांढऱ्यावर `#999999` राखाडी अक्षरं असतील तर कॉन्ट्रास्ट साधारण 2.85:1 येतो, डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी 4.5:1 लागतो. `#767676` घेतला की 4.54 येतो, जेमतेम पास. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेलं चित्र दाबलेलं असतं आणि अक्षरांच्या कडांचे रंग बदलतात. रंगाचा कोड मूळ फाइलमधूनच घ्या.

स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक त्या चिन्हाला काय म्हणेल, बोट सरकवल्यावर वाचनाचा क्रम काय असेल, फोनची अक्षरं मोठी केल्यावर रक्कम कापली जाईल का, हे चित्रात नसतंच. ते कोडमध्ये असतं:

```kotlin
Icon(
    Icons.Default.Delete,
    contentDescription = "नोंद काढा"
)
```

म्हणून अहवालाच्या वरच लिहा: "केवळ दृश्य तपासणी." तुमचा अहवाल हातात धरून उद्या कोणी "अ‍ॅप पास झालं" म्हणायला नको.

मी दोन दिवस बसून स्क्रीन कोडमध्ये उतरवला. ग्राहक म्हणतो, फक्त मत विचारलं होतं. पैसे मागू का? – नाशिक

न मागितलेल्या कामाचे पैसे मागणं अवघड आहे. मीही एकदा असाच फसलोय, आणि तेव्हा चूक माझीच होती. कोड बाजूला ठेवा, पण तो लिहिताना तुम्हाला जे अडलं ते ग्राहकाला कळवा, कारण तेच खरं मत आहे. संध्याकाळचं दूध अजून आलं नसेल तर त्या रकान्यात काय दिसायचं? शून्य की रेघ? शून्य लिहिलं तर शेतकऱ्याला वाटेल आपलं दूध नाकारलं. नाव 'ज्ञानेश्वर विठ्ठलराव सूर्यवंशी' असेल तर ते दुसऱ्या ओळीत जाणार की कापलं जाणार? ओळीची उंची इंग्रजी मजकुरावर बेतलेली असेल तर 'र्कीं'सारख्या अक्षराचा रफार आणि अनुस्वार वरून छाटला जातो. नेट नसताना केंद्रावर काय दिसतं?

चित्रात सगळं भरलेलं, सगळं सुरळीत असतं. हे चार प्रश्न ग्राहकापुढे ठेवा. उत्तरं द्यायला तो पुढचे स्क्रीन काढून पाठवेल, आणि त्या वेळी कोडचा दर आधी ठरवून घ्या.