गिव्हअवेत मोबाइल ठेवू नका, मसालाच ठेवा

ताई, इंदूरात घरगुती गोडा मसाला विकायचा आणि गिव्हअवेत बक्षीस मोबाइलचं ठेवायचं म्हणता, इथेच गडबड आहे. मोबाइल सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे गोडा मसाला कशाशी खातात हे माहीत नसलेलेही नाव नोंदवतील आणि निकालानंतर अनफॉलो करतील. बक्षीस असं ठेवा, की ज्याच्या घरी आमटी होते त्यालाच त्याचा मोह पडेल: सहा महिने दरमहा पाव किलो गोडा मसाला, घरपोच.

दुसरं म्हणजे प्रवेश. ‘तीन मैत्रिणींना टॅग करा’ ही अट सगळेच घालतात, पण त्यातून फक्त गर्दी जमते. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा: सध्या मसाला कुठून आणता? महिन्याला किती लागतो? ‘सासूबाई पुण्याहून पाठवतात, दिवाळीपर्यंत पुरतो’ असं लिहिणारी बाई तुमची खरी गिऱ्हाईक, आणि तिला कधी विचारायचं तेही कळलं. नुसतं ‘डन’ लिहिणारे आपोआप गळतात. इंदूरात राहता कुठे, सुदामा नगर की विजय नगर, तेही विचारून घ्या, डिलिव्हरीला उपयोगी पडतं.

खरी विक्री निकालानंतर होते, आणि नवीन विक्रेते नेमके तिथेच थांबतात. न जिंकलेल्या प्रत्येकीला त्याच दिवशी निरोप पाठवा: पहिल्या ऑर्डरवर मेतकूटाची छोटी पुडी मोफत, सात दिवसांत, अमुक कोड सांगून. महिन्याभराने फॉलोअर नव्हे, त्या कोडवर आलेल्या ऑर्डरी मोजा. जाहिरातीवर पैसे लावायचं एवढ्यात नको.