दुरुस्त्या जुन्या फाइलवर पडतात तेव्हा

प्रश्न: आमचा छोटा दिवाळी अंक आहे, पुण्यातच. लेखक, संपादक, दोन मुद्रितशोधक आणि डीटीपीवाले, सगळे व्हॉट्सॲपवरच फायली पाठवतात. दरवर्षी कुणाची तरी करेक्शन्स जुन्या फाइलवर होतात आणि भलताच मजकूर छापला जातो. फायलींना नावं कशी द्यायची? काही सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर:

सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. मी 15 वर्षं नारायण पेठ ते सदाशिव पेठ प्रुफांचे गठ्ठे वाहते आहे. हा घोळ मीही एकदा घातलाय, आणि तो नेमका कुठे झाला ते सांगितलं की नावं कशी द्यायची ते आपोआप कळेल.

एका दिवाळी अंकातली कथा होती. संपादकांनी मला दुसरा खर्डा पाठवला. मी दोन दिवस वाचत होते, तेवढ्यात लेखकाने संपादकांना फोन करून नायिकेचं नाव बदललं आणि शेवटाकडे तीन परिच्छेद नवे दिले. संपादकांनी ते आपल्या फाइलमध्ये घातले. मला कुणी कळवलं नाही, आणि मी विचारलंही नाही. माझी फाइल `katha final corrected (1).docx` या नावाने डीटीपीकडे गेली. तिथल्या मुलाकडे दोन फायली झाल्या. त्याने तारीख पाहिली, माझी फाइल नंतरची दिसली, तीच लावली. शुद्धलेखन चोख, नायिका मात्र जुन्याच नावाची आणि शेवट अर्धा.

यात त्या मुलाची चूक नव्हती. फाइल डाउनलोड केली की बहुतेक वेळा तिला डाउनलोडची वेळच लागते. त्यामुळे महिन्यापूर्वीचा खर्डा आज पुन्हा उतरवला तर तो फोल्डरमध्ये सगळ्यात ताजा दिसतो. नावातल्या ‘फायनल’ला काही अर्थ नव्हता, आणि `(1)` म्हणजे त्याच नावाची फाइल आधीच तिथे होती इतकंच. माझ्या फाइलच्या नावात एकच गोष्ट हवी होती: या दुरुस्त्या कोणत्या खर्ड्यावर केल्या आहेत.

म्हणून आता मी जिथे काम घेते तिथे दोन अटी घालते. पहिली अशी: खर्ड्याचा आकडा वाढवायचा हक्क एकाच माणसाचा, साधारणपणे संपादकाचा. बाकी कुणीही आकड्याला हात लावायचा नाही. मुद्रितशोधकाने आलेल्या नावापुढे फक्त आपली आद्याक्षरं जोडून फाइल परत पाठवायची. वरच्याच कथेची साखळी मग अशी दिसली असती:

```
07_katha_v02.docx      संपादकांनी पाठवलेली
07_katha_v02_SK.docx   v02 वर SK यांच्या दुरुस्त्या
07_katha_v03.docx      लेखकाचे बदल घातलेली
07_katha_v04.docx      v03 + SK यांच्या दुरुस्त्या
```

सुरुवातीचा 07 हा अंकातला अनुक्रम. `v02_SK` आली आणि फोल्डरमध्ये आधीच `v03` बसलेली दिसली की संपादकाला तिथेच कळतं की या दुरुस्त्या मागच्या खर्ड्यावरच्या आहेत, त्या उचलून पुढच्यात न्यायला हव्यात. कुणाला फोन करायला नको, आठवायला नको. आकडा दोन अंकी लिहा, म्हणजे यादी कुठेही उघडली तरी 10 हा 2 च्या आधी येऊन बसणार नाही. नावं रोमन लिपीत ठेवा. जुन्या पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरला देवनागरी नावाची फाइल झेपत नाही. आणि ‘फायनल’, ‘लेटेस्ट’, ‘नवीन’ हे शब्द फाइलच्या नावात सरळ बंद करा.

दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची. मुद्रितशोधकाला जी प्रत पाठवली, ती जशीच्या तशी जपून ठेवायची, तिच्यात नंतर एक स्वल्पविरामही बदलायचा नाही. घोळ झालाच तर हीच प्रत वाचवते. कशी, ते सांगते, कारण इथे बहुतेक लोक घाईत आणखी मोठा खड्डा खणतात.

समजा तुमच्याकडे `v02_SK` आणि `v03` आहेत. वर्डमध्ये `Review` → `Compare` → `Compare…` आहे हे माहीत असलेला माणूस या दोनच फायली एकमेकांसमोर ठेवतो. v03 जुनी म्हणून आणि SK ची फाइल नवी म्हणून दिली, की वर्ड प्रामाणिकपणे सांगतो: तीन परिच्छेद खोडले, नायिकेचं नाव बदललं, चाळीस वेलांट्या सुधारल्या. वर्डच्या दृष्टीने हे सगळे एकाच माणसाचे बदल. कुणी ‘सगळे मान्य’ केलं की लेखकाचे नवे परिच्छेद गेले. दुरुस्ती कुठली आणि जुनेपणा कुठला, हे फक्त दोन फायलींवरून कळूच शकत नाही.

म्हणून `Original document` मध्ये v03 नको, न शिवलेली `v02` द्या, आणि `Revised document` मध्ये `v02_SK`. आता जे दिसेल ते फक्त मुद्रितशोधकाचं. खाली `More >>` उघडून `Formatting` ची खूण काढा, नाहीतर तुमच्या मुद्रितशोधकाने वाचायला सोयीचं म्हणून टाइप मोठा केला असेल तर पानभर तेच दिसत राहील. `Word level` निवडा, `Character level`ला मराठीत सुटी वेलांटी किंवा अर्धा उकार खोडलेला दिसतो आणि डोळे फिरतात. ही बदलांची यादी एका बाजूला ठेवा, दुसरीकडे `v03` उघडा आणि एकेक दुरुस्ती हाताने न्या. पाच हजार शब्दांच्या कथेला तासाभराचं काम आहे. वर्डमध्ये `Combine` नावाची सोयही आहे, पण जिथे लेखकाने वाक्यच नव्याने लिहिलंय आणि मुद्रितशोधकाने जुन्या वाक्यातली वेलांटी दुरुस्त केलीय, तिथे निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. मी हातानेच नेते. झालं की ती फाइल `v04`.

न शिवलेली v02 नसेल तर? व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये ‘पाठवलेले’मध्ये शोधा, बहुधा तिथे जशीच्या तशी सापडते. गूगल ड्राइव्हवर तीच फाइल वरचेवर चढवत असाल तर मात्र जपून: गूगल डॉक्स नसलेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या तिथे 30 दिवसांनी किंवा 100 आवृत्त्यांनंतर जाऊ शकतात, `Keep forever` केलेलं नसेल तर. ऑगस्टमध्ये पाठवलेली प्रत ऑक्टोबरात तिथे मिळेल या भरवशावर राहू नका.

हे झालं वर्डमधलं. खरा मोठा अपघात त्याच्या पुढच्या टप्प्यावर होतो, पानं लागल्यावर.

मजकूर एकदा इनडिझाइनमध्ये किंवा पेजमेकरमध्ये गेला की वर्डची फाइल संपली असं समजायचं. अजून कितीतरी डीटीपीवाले युनिकोड मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात रूपांतर करून लावतात. त्या रूपांतरात काही जागा हमखास बिघडतात. माझा अनुभव रफार आणि चंद्रकोरीसारख्या ‘र’चा. ‘दर्‍या’च्या ‘दर्या’ होतात, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. असल्या चुका पानावरच जन्मतात आणि पानावरच दुरुस्त होतात. वर्डच्या फाइलला त्यांचा पत्ताही नसतो. अशा वेळी लेखकाने ‘फक्त दोन ओळी बदलल्यात’ म्हणून वर्डची नवी फाइल पाठवली आणि ऑपरेटरने ती पुन्हा ओतली, तर पहिल्या प्रुफातली सगळी करेक्शन्स एका झटक्यात धुऊन जातात. वर्डच्या `Compare`चाही उपयोग नाही, कारण दोन्हीकडची अक्षरं आता वेगवेगळ्या एन्कोडिंगमध्ये आहेत.

म्हणून पानं लागली की `v` मालिका बंद, `p` मालिका सुरू: `07_katha_p1.pdf`, मग `p2`, `p3`. इथे आकडा वाढवण्याचा हक्क ऑपरेटरचा, कारण चालू फाइल त्याच्याकडे आहे. वर्डच्या सगळ्या फायली `juni` नावाच्या फोल्डरात हलवा. लेखकाला त्यानंतर काही बदलायचं असेल तर त्याने शेवटच्या प्रुफावर खूण करावी, किंवा ‘p2, पान 47, “…” या वाक्यानंतर’ असं लिहून द्यावं. नुसतं ‘पान 47, ओळ 12’ पुरत नाही. वरची एक ओळ वाढली की बारावी ओळ तेरावी होते.

कागदावर फाइलचं नाव दिसत नाही, हा आणखी एक चोर दरवाजा. टेबलावर दोन गठ्ठे पडलेले असतात आणि दोन्ही सारखेच दिसतात. इनडिझाइनमधून पीडीएफ काढताना `Marks and Bleeds` मध्ये `Page Information` ला खूण केली की पानाबाहेरच्या जागेत फाइलचं नाव आणि तारीख छापून येते. अंकाचं पान ए-फोरपेक्षा लहान असतं, त्यामुळे प्रिंटमध्ये ते बसतं. पण तिथे येतं ते डीटीपीच्या मूळ फाइलचं नाव, म्हणून त्या फाइलच्या नावातही `p2` हवंच. जुनं सॉफ्टवेअर असेल तर ऑपरेटरला कोपऱ्यात ‘p2’ टाइप करायला सांगा. तेही होत नसेल तर मी पेनने लिहून घेते, पण प्रूफ हातात देतानाच, नंतर नाही.

आणि नवं प्रूफ आलं की लगेच वाचायला बसू नका. मागच्या प्रुफातल्या तीन दुरुस्त्या निवडा, एक सुरुवातीची, एक मधली, एक शेवटची, आणि त्या नव्यात झाल्यात का ते आधी पाहा. एखादी सुटली असेल तर ती ऑपरेटरच्या नजरेतून सुटली. तिन्ही नसतील तर तुमच्या हातात चुकीची फाइल आहे. पेन खाली ठेवा आणि फोन करा. परवाच मी 32 पानं वाचायची वाचवली ती अशी. तिकडून उत्तर आलं, ‘ताई, थांबा, p1चंच पुन्हा प्रिंट निघालंय.’