कोडिंग न येणारी मुलगी त्या टीममध्ये कशाला?

«माझी मुलगी चार वर्षं वॉर्डात नर्स आहे. त्यांचं हॉस्पिटल केसपेपर बंद करून सगळं कॉम्प्युटरवर नेणार आहे आणि त्या टीममध्ये तिला घेतलंय. कोडिंगचा तिला गंध नाही, तिथे तिला कोण विचारणार? आम्ही सॉफ्टवेअरच्या कोर्सची फी भरून टाकली, तर आमच्याशी धड बोलत नाही. तुम्हीच तिला समजवा.»

ताई, समजवायचं झालं तर मी तुम्हालाच समजवेन. तिला काय करायचंय, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. फी तिला न विचारता भरलीत आणि आता ती गप्प आहे, तर तो तुम्हाला हट्ट वाटतोय. चार वर्षं रात्रपाळ्या सांभाळणाऱ्या मुलीचा निर्णय परस्पर घेतला, तर ती याहून वेगळं काय करेल? फी परत मिळत असेल तर मागून घ्या.

कोडिंगचा गैरसमज मात्र मुळातून काढायला हवा. सॉफ्टवेअर कंपनी लिहून देते. हॉस्पिटलला ठरवायचं असतं ते हे, की कोणत्या पेशंटचा कोणता कागद कोणत्या क्षणी बंद होणार आणि त्या क्षणी हातात काय असणार. हे वॉर्ड माहीत असलेल्या माणसाचं काम आहे.

औषधांचा चार्टच घ्या. वॉर्डात 30 पेशंट आणि प्रत्येकाला सरासरी 8 औषधं, म्हणजे 240 ऑर्डर्स. एकाने ऑर्डर कॉम्प्युटरवर टाकायची, दुसऱ्याने मूळ चार्टशी ताडून पाहायची, याला मिळून 3 मिनिटं धरली तर एका जोडीला 12 तास लागतात. तीन जोड्या लावल्या तर 4 तास. म्हणून रात्री 10 चे डोस झाले की सुरुवात करायची, म्हणजे अडचणी आल्या तरी सकाळी 6 च्या आधी आटपतं. इथपर्यंतचं गणित कोणीही मांडेल.

चूक होते ती पुढे. एका पेशंटला दर 6 तासांनी 1 ग्रॅम पॅरासिटामॉल आहे. रात्री 12 चा डोस दिला आणि कागदावर सही झाली. रात्री 1 वाजता तीच ऑर्डर कॉम्प्युटरवर चढली. कागदावर काय झालं हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं. पहिल्या डोसची वेळ घातली नाही, तर बऱ्याच सिस्टिम ऑर्डर टाकल्याची वेळच सुरुवात धरतात. स्क्रीनवर ‘डोस द्यायचा आहे’ असं झळकतं आणि शेजारच्या वॉर्डातून मदतीला आलेली सिस्टर तो देऊन टाकते. तासाभरात दोन डोस.

म्हणून प्रत्येक औषधापुढे दोन वेळा आधी लिहून ठेवायच्या. कागदावरचा शेवटचा डोस किती वाजता झाला आणि स्क्रीनवरचा पहिला किती वाजता द्यायचा. इथे 12 आणि 6. ताडून झालं की कागदी चार्टवर आडवी रेघ, वेळ, सही, आणि चार्ट खाटेपासून लगेच दूर. तो तिथेच राहिला तर रात्री 2 वाजता एखादे डॉक्टर सवयीने त्यावरच नवी ऑर्डर लिहितील आणि ती कोणाला दिसणारच नाही. मेथोट्रेक्सेटसारखं आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध तर फार्मासिस्टनेच टाकावं. यादीत ‘रोज’ हा पर्याय आधीच निवडलेला असला, तर घात व्हायला तेवढं पुरतं.

कॉम्प्युटर बंद पडला तर वापरायचे कोरे चार्ट वॉर्डातच हवेत, स्टोअरच्या कुलपात नकोत. वीज किंवा नेटवर्क रात्रीही जातं.

सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात नोंदींच्या वेळा तपासायच्या. सकाळी 8 चे सगळे डोस 10.30 च्या आसपास दहा मिनिटांत नोंदले गेलेले दिसले, तर सिस्टर आधी डोस देतायत आणि नोंद मागाहून एकदम करतायत. यात बहुधा आळस नसतो. ट्रॉलीवरच्या लॅपटॉपची बॅटरी टिकत नसते किंवा सहा जणींत दोनच लॅपटॉप असतात. कारण शोधायला नर्सिंग स्टेशनवर बसून भागत नाही, औषधांच्या फेरीत सोबत चालावं लागतं. आता सांगा, हे कोडिंग येणाऱ्याला दिसेल की तुमच्या मुलीला?

पुढे तिला याच क्षेत्रात राहावंसं वाटलं, तर हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंटचे कोर्स आहेत. ते नंतरही करता येतात.

धोका दुसराच आहे, आणि तो तिला जरूर सांगा. टीममध्ये घेतलं म्हणतात आणि वॉर्डची ड्यूटी तशीच ठेवतात. ज्या शिफ्टला ती इतरांना मदत करणार, त्या शिफ्टला तिच्या नावावर पेशंट नसावेत. चालू होतानाचे किमान दोन आठवडे प्रत्येक शिफ्टला, रात्रीसुद्धा, अशी एक तरी मोकळी व्यक्ती लागते. एकटीवर तिन्ही पाळ्या टाकल्या तर ती आठवड्यात थकेल. हे तिने मेट्रनकडून लेखी घ्यावं. मेट्रन नाही म्हणाल्या, तर तिने टीमला नकार द्यावा. तेव्हाही तो निर्णय तिचाच असू द्या.