काउंट एकने कमी आला तर काय करायचं

प्रश्न: ताई, मी जीएनएम थर्ड इयरला आहे, कोल्हापुरात ओटी पोस्टिंग चालू आहे. मॉप काउंट शेवटी एकने कमी आला तर नक्की काय करायचं? आणि साइन आउटला नर्सनं काय बोलायचं?

उत्तर:

अगं, शेवटचा काउंट विश्वास ठेवण्यासारखा आहे का नाही हे पहिल्या काउंटलाच ठरतंय, म्हणून तिथनं सुरू करते.

रात्री गगनबावड्याकडनं रेफर झालेली इमर्जन्सी सिझेरियन आलीय असं धर. सगळी घाई, बाळाचे ठोके कमी, भूल देणारे डॉक्टर तयार. तरी स्क्रब नर्स आणि फ्लोअर नर्स दोघींनी मिळून मोजायचं, मोठ्यानं, दोघींच्या नजरेसमोर, एकेक मॉप वेगळा करून. पाचचा गठ्ठा उचलून "पाच" म्हणणं म्हणजे मोजणं नव्हे. मॉपची टेप आणि एक्स-रेत दिसणारा धागा पण तेव्हाच बघायचा. गठ्ठ्यात चार किंवा सहा निघाले तर तो आख्खा गठ्ठा बाजूला, वापरायचाच नाही, नाहीतर पुढचा सगळा हिशोब गंडतो. मोजून झालं की फ्लोअर नर्सनं लगेच बोर्डावर लिहायचं, डोक्यात ठेवायचं नाही. आपल्या केसमध्ये बोर्डावर आलं 5 + 5.

मधे रक्तस्राव वाढला म्हणून अजून एक गठ्ठा दिला, तोही तसाच मोजला आणि लिहिला. एकूण 15.

आता गर्भाशय शिवायच्या आधी एक काउंट, पोट बंद करायच्या आधी दुसरा, आणि त्वचेचे टाके घेताना तिसरा. मधेच ड्युटी बदलली तर तेव्हाही एक, आणि दोघींच्या सह्या. मोजायचा क्रम कायम एकच ठेव: आधी ऑपरेशनची जागा, मग मेयो ट्रॉली, मग मागची ट्रॉली, शेवटी बकेट. क्रम बदलला की कुठलं मोजलं आणि कुठलं राहिलं तेच कळत नाही.

तर दुसऱ्या काउंटला जखमेजवळ 2, ट्रॉलीवर 4, बकेटमधे 8. म्हणजे 14. इथं गप्प बसून मनातल्या मनात परत मोजत बसायचं नाही, स्क्रब नर्सनं लगेच सांगायचं, "सर, एक मॉप कमी आहे, पोट बंद करू नका." पेशंट स्टेबल असेल तर सर्जन थांबतात आणि हात घालून बघतात, गर्भाशयाच्या मागं, दोन्ही बाजूच्या खोबणीत, मूत्राशयाच्या समोर. रक्तानं भिजलेला मॉप नुसत्या डोळ्यांना आतड्यांमधे दिसत नाही, म्हणून हातानं चाचपायलाच लागतंय. तेवढ्यात फ्लोअर नर्सनं ग्लोव्हज घालून बकेटमधला प्रत्येक मॉप उलगडायचा, कारण दोन चिकटून एकच वाटतात. मग ड्रेपच्या घड्या, टेबलाखाली, सगळ्यांच्या चपलांचे तळवे, लिनन.

आणि सिझेरियनमधे एक जागा मुलींच्या कधीच लक्षात येत नाही, बाळाचा वॉर्मर. बाळाचं तोंड पुसलेला मॉप टॉवेलात गुंडाळून बाळासोबत शेजारच्या खोलीत जातो. आपला 15 वा तिथंच सापडला. तो आणून स्क्रब नर्सला दाखवायचा आणि परत पहिल्यापासनं सगळं मोजायचं, 14 मधे एक मिळवून मोकळं व्हायचं नाही. म्हणूनच शेवटचा काउंट होईपर्यंत बकेट, लिनन, काहीही खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही.

नाहीच सापडला तर पेशंट ओटीतच असताना एक्स-रे, पूर्ण पोट आणि ओटीपोट येईल असा, आणि काय शोधतोय ते टेक्निशियनला आधी सांगायचं. प्लेट स्वच्छ आली तरी काउंट "बरोबर" लिहायचा नाही, कमी होता, काय काय शोधलं, कुणाला सांगितलं, एक्स-रे केला, असंच लिहायचं. रक्तस्राव थांबतच नसेल आणि सर्जननी मुद्दाम पॅक आत ठेवला तर किती मॉप आत आहेत तो आकडा नोट्समधे आणि वॉर्डच्या हँडओव्हरमधे पण जायलाच पाहिजे. सुयांचं वेगळं, अगदी बारीक सुई एक्स-रेत दिसेलच असं नाही, म्हणून प्रत्येक सुई परत हातात आल्याशिवाय दुसरी देऊ नको, आणि मोडली तर दोन्ही तुकडे बघ.

"काउंट बरोबर" हा शब्द पुरावा नाही हे मात्र लक्षात ठेव. 2003 साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, त्यात आत काहीतरी राहिलेल्या आणि काउंट झालेल्या बहुतेक केसेसमधे काउंट बरोबर म्हणूनच लिहिलेला होता. इमर्जन्सी आणि ऐनवेळी ऑपरेशन बदलणं, यात धोका जास्त दिसला.

राहिलं साइन आउट. डब्ल्यूएचओच्या 2008 च्या चेकलिस्टमधला हा तिसरा टप्पा, पेशंट ओटीबाहेर जायच्या आधीचा. तिथं नर्सनं मोठ्यानं बोलायचं: कुठलं ऑपरेशन झालं, मॉप, सुया, इन्स्ट्रुमेंट पूर्ण आहेत का, सॅम्पलच्या बाटलीवरचं लेबल पेशंटच्या नावासकट वाचून, आणि कुठलं उपकरण बिघडलंय का. मग सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्स मिळून पुढं काय बघायचं ते ठरवतात. पण तोवर त्वचा शिवून झालेली असते, त्यामुळं मॉप कमी आहे हे पहिल्यांदा साइन आउटला कळलं तर पोट परत उघडायची पाळी येते. तिथं नुसता आधीच जुळलेला आकडा वाचायचा असतो.