सनस्क्रीन शेवटी, वेगळं आणि भरपूर

प्रश्न: सकाळी क्लेन्झर, सीरम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन कुठल्या क्रमाने लावायचं? माझ्याकडे दहाच मिनिटं असतात. यातलं काय नाही लावलं तरी चालेल?

तोंड धुवा, मग सीरम, मग मॉइश्चरायझर, शेवटी सनस्क्रीन. पातळ आधी, घट्ट नंतर. सनस्क्रीनच्या वर पावडर किंवा मेकअप सोडून काही लावायचं नाही. दहाच मिनिटं असतील तर सीरम खुशाल सोडा. त्वचा तेलकट असेल तर मॉइश्चरायझरही सोडा, बरीच सनस्क्रीनं आता स्वतःच पुरेशी ओलसर असतात. रात्री तोंड नीट धुतलं असेल तर सकाळी नुसतं पाणीही चालतं. सनस्क्रीन मात्र सोडायचं नाही.

इथेच थांबले असते, पण "काय नाही लावलं तरी चालेल" हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या घरात हा वाद पाच वर्षं चाललाय.

धाकट्याच्या वेळी मला दोन्ही गालांवर वांग आले. बाळंतपणानंतर आपोआप जातील असं सगळ्यांनी सांगितलं, ते गेले नाहीत. मी सोलापुरात शाळेत शिकवते, स्कूटीवर जाते-येते. तेव्हा मी सगळं विकत आणलं होतं: फेसवॉश, व्हिटॅमिन सीचं सीरम, मॉइश्चरायझर, एसपीएफ ५०चं सनस्क्रीन. क्रमही बरोबर होता. फक्त सनस्क्रीनने चेहरा पांढरट दिसायचा. माझ्या थोरल्या जाऊबाई पार्लर चालवतात. त्या म्हणाल्या, "अगं, दोन्ही चेहऱ्यालाच लावायचं ना? मग तळहातावर मॉइश्चरायझरमध्ये कालवून एकदमच लाव, पांढरं दिसणार नाही." खरंच दिसेनासं झालं. वेळही वाचला. दीड वर्ष मी तसंच लावलं आणि दीड वर्षात गाल आणखी काळवंडले.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषध लिहायच्या आधी विचारलं, "सनस्क्रीनची ट्यूब किती दिवस पुरते?" मी अभिमानाने सांगितलं, पाच महिने. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. ट्यूब ५० ग्रॅमची, पाच महिने म्हणजे दीडशे दिवस, म्हणजे रोजचं एक तृतीयांश ग्रॅम. आणि डब्यावरचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तो दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान मिळून त्या हिशेबाने साधारण १.२ ग्रॅम लागतं. म्हणजे मी जेमतेम पाव भाग लावत होते, तेही क्रीममध्ये कालवून. लावायचं प्रमाण घटलं की संरक्षणही घटतं, ट्यूबवर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर ५० राहत नाही. योग्य प्रमाणात लावलं तर तीच ट्यूब चाळीस-बेचाळीस दिवसांत संपायला हवी.

कालवण्यात काय बिघडतं तेही त्यांनी सांगितलं. सनस्क्रीन त्वचेवर सुकताना एक सलग पापुद्रा तयार करतं, किरण अडवणारे घटक त्यात सारखे पसरलेले असतात. तळहातावर दुसरं क्रीम मिसळलं की ते पातळ होतं आणि पापुद्रा कुठे दाट, कुठे विरळ, कुठे नाहीच असा होतो. चेहऱ्यावर हे दिसत नाही. पांढरेपणा गेला म्हणून मी खूश होते, पण लावलेलं इतकं कमी होतं की पांढरं दिसायलाच काही उरलं नव्हतं.

म्हणून जाऊबाईंना मी आजही सांगते: एकाच चेहऱ्याला लावायचं असलं तरी एकत्र कालवून नाही. मॉइश्चरायझर आधी लावा, दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मग सनस्क्रीन. त्यांचं म्हणणं असं की पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांना कुणालाच काही झालं नाही. त्या बायकांना वांग नव्हते. मला होते, आणि ते उन्हाने लगेच भडकतात.

प्रमाणासाठी वजनकाटा लागत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा, कान आणि मान यांना एवढं लागतं. एकदम थापलं तर चिकट होतं, म्हणून मी एक बोट आधी लावते, केस विंचरून होईपर्यंत ते बसतं, मग दुसरं. घासायचं नाही, थोपटत पसरवायचं. घासलं की रबर खोडल्यासारख्या बारीक वळ्या सुटतात. तशा सुटल्या तर बहुतेक वेळा खालचं सीरम किंवा मॉइश्चरायझर जास्त झालेलं असतं किंवा अजून ओलं असतं. सनस्क्रीन कमी करू नका, खालचं कमी करा.

स्कूटीवर स्कार्फ बांधत असाल तर सनस्क्रीन लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बांधा, नाहीतर अर्धं कापडालाच लागतं. जाड सुती स्कार्फ उन्हाला चांगला अडवतो, तो सोडू नका. पण शाळेत पोचल्यावर तो निघतोच. माझं टेबल खिडकीशी आहे, आणि उन्हातले यूव्हीए किरण काचेतून आत येतात. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी या उन्हातल्या दुसऱ्या किरणांपासूनच्या संरक्षणाचा असतो, यूव्हीएसाठी डब्यावर 'PA' या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं बघा. वांग असतील तर रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन घ्या. वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, आणि तो साध्या सनस्क्रीनने फारसा अडत नाही. शिवाय छटेमुळे पांढरेपणाचा प्रश्नही मिटतो. मला हे आधी कळलं असतं तर कालवायची वेळच आली नसती.

सीरमबद्दल थोडं. मी व्हिटॅमिन सी लावते, पण घाई असेल त्या दिवशी नाही लावत आणि त्याने काही अडत नाही. ते गर्द तपकिरी झालं असेल तर टाकून द्या, महागाचं असलं तरी. ते सनस्क्रीनच्या जागी कधीच चालत नाही.

आता राहिलेलं. माझी त्वचा ना फार कोरडी ना तेलकट, तुमची सोलवटत असेल तर मॉइश्चरायझर सोडू नका. डॉक्टरांनी सकाळी लावायला औषधी जेल दिलं असेल तर कधी लावायचं ते त्यांनाच विचारा. माझं जेल तोंड धुतल्यावर लगेच, बाकी सगळ्याच्या आधी लावायचं होतं. वांगांसाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोरं करणारं क्रीम आणू नका, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला उजळतं आणि मग त्वचा पातळ होऊन लाल पडते. आणि बाहेर उन्हात राहणार असाल तर दोन तासांनी पुन्हा लावायचं, सकाळचं दिवसभर पुरत नाही.

माझे वांग पूर्ण गेलेले नाहीत, फिकट झालेत. दिवसभर उन्हात स्पर्धा घेतल्या की आठवड्याभरात पुन्हा गडद होतात. नवी ट्यूब उघडली की मी तिच्या बुडाशी मार्करने तारीख लिहिते. आत्ताची ११ तारखेला उघडली आहे, पुढच्या महिन्याच्या वीस-बावीसला संपली नाही तर मी पुन्हा कमी लावतेय हे मला कळेल.